शंभर दिवसांचं डेली: दहा टक्के म्हणजे वर्षाला किती?

भाजी मंडईत, स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांत, छोट्या किराणा दुकानांत ‘डेली’ नावाचं कर्ज चालतं. त्याचा साधा नमुना असा असतो. कागदावर कर्ज १०,००० रुपयांचं. व्याज दहा टक्के, म्हणजे १,००० रुपये. ते पैसे देतानाच कापून घेतले जातात आणि हातात ९,००० पडतात. दुसऱ्या दिवसापासून रोज १०० रुपये, असे शंभर दिवस. वसुलीवाला संध्याकाळी गाडीवर येतो, १०० रुपये घेतो, कार्डावर सही करतो आणि पुढच्या गाळ्यावर जातो. शंभराव्या दिवशी कार्ड भरतं आणि कर्ज संपतं.

घेणाऱ्याला विचारलं तर उत्तर मिळतं, ‘दहा टक्क्याने घेतलेत.’ देणाराही तेच सांगतो. हिशोब खोटा वाटत नाही, कारण दहा हजारांवर हजार रुपये म्हणजे दहा टक्केच होतात. पण बँकेचं कर्ज, सोनेतारण किंवा पतसंस्थेचं कर्ज आपण ज्या भाषेत मोजतो, त्या वार्षिक दराच्या भाषेत हे कर्ज सुमारे ७८ टक्क्यांचं आहे. हे दहाचे अठ्ठ्याहत्तर कसे होतात ते एकेक पाऊल टाकत बघू. गणित शाळेतलंच आहे. फक्त प्रत्येक पायरीवर कोणती रक्कम कोणत्या रकमेने भागायची, हे नीट ठरवावं लागतं.

आधी सगळ्यात सोपा प्रकार घेऊ. समजा वर्षभरासाठी १०,००० रुपये १२ टक्क्यांनी घेतले आणि फेड एकदमच, वर्षाच्या शेवटी करायची आहे. व्याज १,२०० रुपये. ते शेवटी द्यायचं असतं तर दर सरळ १२ टक्के झाला असता. पण ते आधीच कापलं तर हातात ८,८०० येतात आणि वर्षाने १०,००० परत करायचे असतात. म्हणजे तुम्ही ८,८०० रुपये वापरले आणि त्यासाठी १,२०० मोजले. १,२०० भागिले ८,८०० केलं की १३.६४ टक्के येतात. उरलेले १,२०० रुपये तुम्हाला कधी मिळालेच नाहीत, तरी त्यांच्यावरही व्याज लागलं. दर जितका मोठा, तितका हा फरक वाढत जातो. २४ टक्के आगाऊ कापले तर २,४०० भागिले ७,६००, म्हणजे ३१.५८ टक्के.

डेलीमध्ये पहिली पायरी हीच आहे. हातात पडले ९,०००, मोजले १,०००. १,००० भागिले ९,००० म्हणजे ११.११ टक्के. दहाचे अकरा झाले, एवढ्यावर कोणी घाबरणार नाही. आगाऊ व्याजाचा विषय निघाला की बहुतेक लोक इथेच थांबतात आणि ‘एखाद टक्का जास्त पडतो’ असं म्हणून सोडून देतात. खरा भार पुढच्या दोन पायऱ्यांत आहे.

दुसरी पायरी मुदतीची. हे ११.११ टक्के शंभर दिवसांचे आहेत, वर्षाचे नाहीत. वर्षात असे शंभर दिवस ३.६५ वेळा येतात. ११.११ ला ३.६५ ने गुणलं की साधारण ४०.५ टक्के होतात. ‘दहा टक्के’ म्हणताना कालावधी सांगितलाच जात नाही आणि ऐकणारा तो आपल्या मनाने भरून घेतो. बँकेची सवय असलेला माणूस वर्ष धरतो. मंडईत कित्येक जण तो ‘एकूण’ दर समजतात, जणू वेळेचा त्याच्याशी काही संबंधच नाही.

तिसरी पायरी सगळ्यात मोठी आहे, आणि नेमकी तीच सहज दिसत नाही. ९,००० रुपये शंभर दिवस तुमच्याकडे राहतच नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून रोज १०० रुपये परत जायला लागतात. पन्नासाव्या दिवशी तुमच्याकडे देणाऱ्याचे जेमतेम निम्मे पैसे उरलेले असतात आणि नव्वदाव्या दिवशी हजाराच्या आत. व्याज मात्र पूर्ण रकमेचं, पूर्ण शंभर दिवसांचं कापून झालेलं असतं. मग सरासरी किती पैसे तुमच्या वापरात होते? सुरुवातीला ९,००० आणि शेवटी शून्य, तेव्हा ढोबळमानाने निम्मे, म्हणजे ४,५००. त्यावर १,००० रुपये व्याज म्हणजे शंभर दिवसांचे २२.२ टक्के. त्याला ३.६५ ने गुणा, ८१ टक्के होतात.

हा ढोबळ हिशोब कागद-पेन घेऊन कुणालाही करता येतो: कापलेलं व्याज भागिले हातात पडलेल्या रकमेचा निम्मा भाग, गुणिले ३६५, भागिले दिवस. उत्तर खऱ्या दरापेक्षा किंचित जास्त येतं, पण वर्षाला ४० टक्के आणि ८० टक्के यातला फरक कळायला तेवढं पुरेसं आहे.

आता नेमकं उत्तर. त्यासाठी प्रश्न असा विचारायचा: रोज उरलेल्या रकमेवर किती टक्के व्याज लावलं, तर १०० रुपयांच्या शंभर हप्त्यांत ९,००० रुपये बरोबर शून्यावर येतील? तो दर निघतो दिवसाला ०.२१२६ टक्के. ताळा करून बघा. पहिल्या दिवशी ९,००० वर १९ रुपये १३ पैसे व्याज लागलं. तुम्ही १०० रुपये दिले. त्यातले १९.१३ व्याजात गेले, उरलेले ८०.८७ मुद्दलात वळते झाले आणि बाकी राहिले ८,९१९.१३. दुसऱ्या दिवशी व्याज थोडं कमी, १८ रुपये ९६ पैसे. असं उतरत उतरत पन्नासाव्या दिवसाअखेर बाकी ४,७३९ राहते. शेवटच्या दिवशी व्याज एकवीस पैसे असतं आणि बाकी शून्य होते. रोजचे हे व्याज जोडत गेलात की बेरीज बरोबर १,००० येते, म्हणजे आधी कापून घेतलेलीच रक्कम.

दिवसाच्या ०.२१२६ ला ३६५ ने गुणलं की वर्षाचे ७७.६ टक्के. फोनमधल्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत येतं:

```
=RATE(100,-100,9000,0,0,0.002)*365
```

पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा रोजचा हप्ता, तिसरा हातात प्रत्यक्ष पडलेली रक्कम. तिथे १०,००० लिहू नका. १०,००० लिहिले तर उत्तर शून्य येईल, कारण १०,००० घेऊन १०,००० परत केल्यासारखं होतं. कागदावरची रक्कम बघून ‘घेतले तेवढेच फेडले’ असं वाटतं ते यामुळेच. शेवटचा ०.००२ हा नुसता अंदाज आहे. तो दिला नाही तर काही वेळा सूत्र अडकतं आणि #NUM! असं दाखवतं.

काही ठिकाणी याच कर्जाचा दर ११७ टक्के सांगितलेला दिसेल. तोही चूक नाही. दिवसाच्या दरावर वर्षभर चक्रवाढ धरली तर तो आकडा येतो:

```
=(1+RATE(100,-100,9000,0,0,0.002))^365-1
```

देणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर ११७ जास्त खरा आहे. त्याला रोज शेकडो कार्डांवरून रोकड मिळते आणि तो ती दुसऱ्या दिवशी नव्या कर्जात घालतो, त्यामुळे त्याचा पैसा खरोखरच चक्रवाढीने फिरतो. घेणाऱ्याला मात्र दोन कर्जांची तुलना करायची असते आणि बँका, वित्त कंपन्या आपला वार्षिक दर बिनचक्रवाढीचाच सांगतात. म्हणून तुलनेसाठी ७८ धरावा, हे माझं मत. कुठला आकडा धरला हे मात्र सांगायला हवं. एकाचे ७८ आणि दुसऱ्याचे ११७ शेजारी ठेवून भाव केला तर फसगत होते.

रिझर्व्ह बँकेचा हिशोबही असाच चालतो. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जांसाठी आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ‘मुख्य तथ्य विवरण’ देणं बंधनकारक झालं, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना ते लागू आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर दाखवावा लागतो आणि तो कर्जाच्या मंजूर रकमेवर न काढता प्रत्यक्ष हातात दिलेल्या निव्वळ रकमेवर काढायचा असतो. परिपत्रकातल्या नमुन्यात २०,००० रुपयांचं कर्ज, १५ टक्के व्याज, २४ महिने मुदत आणि ४०० रुपये शुल्क आहे. शुल्क वजा जाऊन हातात १९,६०० येतात आणि दर १५ ऐवजी १७.०७ टक्के होतो. ४०० रुपये कापल्याने दर दोन टक्क्यांनी वाढला. कर्ज देणारं ॲप ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून काही रक्कम आधी कापत असेल, तर तिथेही हेच घडतं. कापलेल्या रकमेला काय नाव दिलंय, याने गणित बदलत नाही.

डेलीवाल्याला मात्र असं विवरण देण्याची वेळ येत नाही, कारण बहुतेक वेळा तो ना बँक असतो, ना वित्त कंपनी. त्याला लागू होतो महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा ठरवलं आहे. परवाना आणि तक्रारी सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयांकडे असतात. ‘मुद्दल’ म्हणजे ऋणकोला प्रत्यक्ष दिलेली रक्कम, अशी या कायद्याची व्याख्या आहे. म्हणजे आपल्या उदाहरणात कायद्याच्या नजरेत मुद्दल ९,००० आहे, कार्डावर काहीही लिहिलेलं असो. शिवाय सरकारने दर ठरवून दिले आहेत. शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज असेल तर वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे.

त्या १८ टक्क्यांत हेच डेली बसवून बघू, म्हणजे फरक रुपयांत कळेल. ९,००० हातात, शंभर दिवस, रोज फेड. १८ टक्के दराने रोजचा हप्ता ९२ रुपये २६ पैसे येतो. एकूण व्याज २२६ रुपये. एका बाजूला २२६ आणि दुसऱ्या बाजूला १,०००. पण रोजच्या हप्त्यात बघितलं तर ९२ आणि १००, फक्त पावणेआठ रुपयांचा फरक. इतके जास्त दर मंडईत खपतात त्याचं कारण मला इथे दिसतं. सकाळी हजाराचा माल उचलणाऱ्या बाईला संध्याकाळी हप्ता ९२ होता की १०० होता, हे जाणवतच नाही. दर इतका चढला तरी हप्ता जेमतेम हलतो, कारण मुदत छोटी असते आणि हप्त्यातला मोठा भाग मुद्दलाचाच असतो.

आता आगाऊ व्याजाचा तो गुण, जो मला सगळ्यात त्रासदायक वाटतो. साध्या कर्जात पैसे लवकर फेडले की पुढचं व्याज वाचतं. इथे पुढच्या दिवसांचं व्याज आधीच घेऊन झालेलं असतं. समजा साठ दिवस नियमित हप्ते भरले आणि एकसष्टावा हप्ता देण्याऐवजी सगळं मिटवून टाकायचं ठरवलं. कार्डानुसार बाकी ४,०००. पण आपण वर काढलेल्या दराने त्या दिवशी खरी बाकी ३,८३१ आहे. उरलेले १६९ रुपये हे पुढच्या चाळीस दिवसांचं व्याज आहे, आणि ते दिवस तुम्ही पैसे वापरणारच नाही. ४,००० देऊन कार्ड बंद केलं तर कर्जाचा खरा दर ७८ वरून ९२ टक्क्यांवर जातो. लवकर फेडणाऱ्याला जास्त दर पडतो, हे उलटं आहे, पण आगाऊ व्याजाच्या प्रत्येक कर्जात हे होतंच, देणाऱ्याने कापलेल्या व्याजातला भाग परत दिला तरच टळतं.

लवकर मिटवणारे तसे थोडेच असतात. पण याच गोष्टीचं दुसरं रूप सर्रास चालतं. त्याला ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. सणाचा माल भरायचा आहे, मुलीची फी आली आहे, हातात पैसे नाहीत आणि जुनं कार्ड साठ दिवसांवर आहे. वसुलीवाला म्हणतो, ‘ताई, नवं कार्ड करू, जुनं त्यातच वळतं करतो.’ नवं कर्ज १०,०००. त्यातून १,००० व्याज कापलं, जुनी बाकी ४,००० कापली, हातात ५,००० ठेवले. रोजचा हप्ता तोच, १००. काहीच बदललं नाही असं वाटतं.

काय बदललं ते मोजू. जुनं कार्ड चालू राहिलं असतं तर आणखी चाळीस दिवस १०० रुपये द्यायचे होते. आता शंभर दिवस द्यायचे आहेत. म्हणजे साठ दिवस वाढले, ६,००० रुपये देणं वाढलं आणि हातात आले ५,०००. पाच हजारांसाठी हजार रुपये व्याज. कापताना दहा टक्के म्हटलं, पण हातात आलेल्या पैशावर ते वीस टक्के झाले. हे वाढीव हप्ते आजपासून एकेचाळिसाव्या दिवशी सुरू होऊन शंभराव्या दिवशी संपतात, म्हणून मुदत साध्या डेलीपेक्षा थोडी लांब पडते आणि वार्षिक दर तितक्या पटीत वाढत नाही. तरी तो येतो ९५ टक्के. कारण उघड आहे. नव्या कार्डाचं व्याज पूर्ण १०,००० वर कापलं गेलं आणि त्यातले ४,००० हे जुनंच कर्ज होतं, ज्याचं व्याज चाळीस दिवसांपुरतं आधीच भरून झालं होतं. त्या चाळीस दिवसांचं व्याज दोनदा गेलं.

देणाऱ्याने त्याच्याच दराशी प्रामाणिक राहायचं ठरवलं तर जुनी बाकी म्हणून त्याने ४,००० ऐवजी ३,८३१ कापायला हवेत आणि हातात ५,१६९ द्यायला हवेत. दर सत्तरीतच राहील, पण वाढणार नाही. कार्ड भरायला जितके दिवस बाकी असताना नवं-जुनं होतं, तितका दुहेरी व्याजाचा भाग मोठा. तिसाव्या दिवशी केलं तर हातात फक्त २,००० येतात, आणि त्यासाठी ३,००० रुपये जास्त द्यावे लागतात. म्हणून नवं-जुनं करायची वेळ आलीच तर ती जुनं कार्ड संपत आल्यावर करावी. आणि हातात येणारी रक्कम व वाढणारं एकूण देणं हे दोन आकडे कागदावर शेजारी लिहून मगच हो म्हणावं.

कापणी १५ टक्के असेल, म्हणजे १०,००० चे ८,५०० हातात, तर तेच सूत्र तिसऱ्या जागी ८५०० घालून बघा. वार्षिक दर १२१ टक्के येतो. कापणीत ५०० रुपयांची वाढ, दरात ४३ टक्क्यांची. ‘कार्डाचे शंभर’, ‘कागदाचे दोनशे’ अशा किरकोळ कापण्यांना म्हणूनच किरकोळ समजू नये. पैसे देतानाच पहिला हप्ता कापून घेतला तर हातात ८,९०० आणि हप्ते ९९ उरतात. त्याने दर ७८ चा ७९ होतो, म्हणजे तो भाग खरोखर लहान आहे. घासाघीस करायचीच असेल तर पहिल्या हप्त्यावर करू नका, व्याजाच्या कापणीवर करा.

याच्या उलट, पावसात चार दिवस गाडी लागली नाही, हप्ते चुकले आणि दंड न लावता शेवटी भरून घेतले, तर दर थोडा खाली येतो, कारण तेवढाच पैसा जास्त दिवस वापरायला मिळाला. वसुलीवाला एका दिवसाच्या खाड्यालाही चिडतो ते यासाठीच. चुकलेल्या दिवसाला दहा-वीस रुपये दंड असेल तर मात्र हा फायदा बराचसा किंवा पूर्ण पुसला जातो. चुकलेला हप्ता दुसऱ्याच दिवशी भरला तर १०० रुपयांवर १० रुपये म्हणजे दिवसाला १० टक्के, त्यापुढे मूळ दर काहीच नाही.

७८ हा आकडा एक कर्ज दुसऱ्याशी ताडून बघायला उपयोगी आहे. ते कर्ज परवडेल की नाही, हे तो सांगत नाही. रोज हजाराचा माल घेऊन संध्याकाळी तेराशे करणाऱ्याला ७८ टक्क्यांचं कर्जही फायद्याचं ठरू शकतं. तेच पैसे घरभाड्याला किंवा दवाखान्याला गेले तर रोजचे १०० रुपये जुन्याच भांडवलातून जातात आणि साठाव्या दिवशी नवं-जुनं करण्याची पाळी येते. फेरीवाल्यांसाठी केंद्राची पीएम स्वनिधी योजना १ जून २०२० पासून आहे. पहिलं कर्ज विनातारण मिळतं आणि वेळेवर फेडणाऱ्याला ७ टक्के व्याज अनुदान मिळतं. त्यासाठी नगरपालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं आणि पैसे यायला दिवस लागतात. डेलीवाला संध्याकाळी बोलावलं की सकाळी पैसे देतो, कागद मागत नाही. त्या एका रात्रीच्या सोयीची किंमत ९,००० रुपयांवर शंभर दिवसांत किती पडते, ते आता मोजता येतं: १,००० वजा २२६, म्हणजे ७७४ रुपये.